नेट चालू, तरी गाण्यांचं ॲप म्हणतं ‘ऑफलाइन’: कारण कसं शोधायचं आणि हाच मोड डेटा वाचवायला कसा वापरायचा

मेसेज येतायत, ब्राउझरमध्ये पानं उघडतायत, आणि गाण्यांचं ॲप मात्र सांगतंय की तुम्ही ऑफलाइन आहात. अशा वेळी बरेच जण सगळ्यात आधी ॲप काढून टाकतात आणि पुन्हा बसवतात. कृपया सुरुवात तिथून करू नका. ॲप काढलं की डाउनलोड केलेली सगळी गाणी त्याच्याबरोबर जातात. आणि अडचण फोनच्या सेटिंगमध्ये असेल, तर नव्याने बसवलेलं ॲपही तसंच ऑफलाइन राहतं. म्हणजे गाणी गेली आणि दुखणं तिथेच.

पडद्यावर दिसणारा संदेश जवळपास सारखाच असला, तरी त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, ॲपमधलाच ऑफलाइन मोडचा स्विच चालू राहिलाय. दोन, फोनला नेट मिळतंय, पण फोन ते या ॲपला देत नाहीये. तीन, ॲपला नेट मिळतंय, पण त्या सेवेच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता मध्येच कुठेतरी अडवलाय. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी आपण यातल्या कुठल्या खोलीत आहोत ते ठरवायचं. त्याला पाच मिनिटं पुरतात.

खाली उदाहरण स्पॉटिफायचं घेतलंय, कारण त्यात ऑफलाइन मोडचा स्वतंत्र स्विच आहे. तुमचं ॲप दुसरं असलं तरी तपासण्याचा क्रम हाच. मेनूंची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे आणि आवृत्तीप्रमाणे थोडीफार बदलतात. शब्द हुबेहूब सापडला नाही तर सेटिंगमधल्या शोधपट्टीत त्याचा एखादा भाग टाइप करा.

पायरी १: ॲपमधला स्विच बघा

वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या प्रोफाइल चित्रावर टॅप करा, `Settings and privacy` उघडा, त्यात `Data-saving and offline` मध्ये जा. तिथे `Offline mode` असा स्विच दिसेल. जुन्या आवृत्तीत तो `Playback` खाली असायचा. चालू असेल तर बंद करा आणि ॲपच्या मुख्य पानावर परत या. संदेश गेला, तर काम झालं.

संगणकावर हा स्विच आणखी सहज चुकून दाबला जातो, कारण तो नेहमीच्या मेनूतच बसलाय. विंडोजवर डाव्या वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग `File`, मग `Offline Mode`. मॅकवर पडद्याच्या वरच्या पट्टीत `Spotify` या नावावर क्लिक केलं की त्याच यादीत तो दिसतो. शेजारी बरोबरची खूण असेल तर मोड चालू आहे.

स्विच आधीपासूनच बंद होता? मग ॲप स्विचमुळे ऑफलाइन झालेलं नाही, त्याला नेट पोचतच नाहीये. पुढे चला.

पायरी २: तीच सेवा ब्राउझरमध्ये उघडून बघा

‘नेट चालू आहे’ असं आपण कशावरून म्हणतो? बहुतेकदा एखादं उघडलेलं पान दिसतंय किंवा मेसेज गेला यावरून. पण ब्राउझर जुनं साठवलेलं पानही दाखवतो, आणि साध्या मजकुराचा मेसेज अगदी रडतखडत चालणाऱ्या नेटवरही जातो. योजनेतला वेगवान डेटा संपून वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर आला असेल, तर मेसेज बिनबोभाट जातील. पण ९६ केबीपीएसचं गाणं अडखळणारच, आणि काही वेळा ॲप सर्व्हरची वाट बघून कंटाळतं व स्वतःला ऑफलाइन ठरवतं.

म्हणून चाचणी नेमकी हवी. त्याच फोनवर, त्याच नेटवर, ब्राउझरच्या खाजगी टॅबमध्ये हा पत्ता स्वतः टाइप करा:

```
open.spotify.com
```

दुवा दाबून उघडू नका, कारण फोन तुम्हाला परत ॲपमध्येच नेऊन सोडेल. खाजगी टॅबमुळे साठवलेलं पान समोर येत नाही.

पान झटकन उघडलं, तर सेवेपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि अडचण त्या एका ॲपपुरती आहे. पान उघडलंच नाही, पण दुसऱ्या अनोळखी साइट उघडतायत, तर रस्ता अडवलाय. कुठलीच नवी साइट उघडत नसेल, तर नेटच नाही. सार्वजनिक वायफायवर हे फार वेळा होतं: वायफायची खूण भरलेली दिसते, पण लॉगिनचं पान भरायचं राहिलेलं असतं. ते पान भरलं की ॲपही जागं होतं.

पायरी ३: नेट बदलून बघा

वायफायवर असाल तर ते बंद करून मोबाइल डेटावर या, किंवा उलट करा. प्रत्येक वेळी ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नुसतं बाजूला सारून उपयोग नाही. अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीच्या पानावरचं `Force stop` वापरा. ॲप पार्श्वभूमीत जुनीच अवस्था धरून बसलेलं असतं, आणि त्यामुळे बरोबर केलेली दुरुस्तीही फसल्यासारखी वाटते.

आता निकाल वाचा. वायफायवर चालतंय आणि मोबाइल डेटावर नाही, तर फोनने या ॲपचा मोबाइल डेटा बंद ठेवलाय. मोबाइल डेटावर चालतंय आणि एखाद्याच वायफायवर नाही, तर तो राउटर किंवा त्या जागेचं नेटवर्क ही सेवा अडवतंय. तिथे तुमच्या फोनमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. दोन्हीकडे चालत नाही, तर दोन्हीकडे समान असलेली गोष्ट शोधायची, आणि ती म्हणजे फोनमधलं व्हीपीएन, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारी सोय, किंवा डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था.

फोन ॲपला डेटा देत नसेल तर

आयफोनवर `Settings` मध्ये ॲपचं नाव शोधा. त्याच्या पानावर मोबाइल डेटाचा स्विच असतो, तो बंद असेल तर चालू करा. पहिल्यांदा ॲप वापरताना किंवा डेटा संपत आल्याच्या घाईत हा स्विच बंद केला जातो आणि मग आठवत नाही.

अँड्रॉइडवर `Settings`, `Apps`, मग तुमचं ॲप, आणि त्यात मोबाइल डेटा किंवा डेटा वापर अशा नावाची ओळ उघडा. काही फोनवर तिथे ॲपला वायफाय आणि मोबाइल डेटा वापरू देण्याचे वेगवेगळे स्विच असतात, तर काहींवर फक्त पार्श्वभूमीतल्या डेटाचा. पार्श्वभूमीतला डेटा बंद असण्याची खूण वेगळी असते: ॲप समोर उघडं असताना गाणं वाजतं आणि स्क्रीन बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबतं. तसं होत असेल तर त्याच पानावरचं बॅटरीचं सेटिंगही बघा. बॅटरी वाचवण्याच्या कडक मोडमध्ये फोन पार्श्वभूमीतल्या ॲपचं नेट तोडतो, आणि त्यासाठी या ॲपला सूट द्यावी लागते.

रस्ता अडवलेला असेल तर

ही खोली सगळ्यात कमी लोक तपासतात, म्हणून एक प्रसंग पूर्ण सांगते.

माझ्या भाच्याच्या अँड्रॉइड फोनवर ॲप ऑफलाइन दाखवत होतं. `Offline mode` बंद. वायफायवर तेच, मोबाइल डेटावरही तेच. त्याचं ॲप पुन्हा बसवून झालं होतं, त्यामुळे डाउनलोडही गेले होते. मी खाजगी टॅबमध्ये सेवेचा पत्ता टाकायला लावला, तर पान उघडेना. बाकीच्या साइट मात्र पटापट उघडत होत्या. म्हणजे ॲपचा काही दोष नव्हता. फोन त्या सेवेचा पत्ताच शोधू शकत नव्हता, आणि दोन्ही नेटवर सारखंच होत असल्यामुळे राउटरही सुटला.

पडद्याच्या वरच्या पट्टीत किल्लीची खूण नव्हती, म्हणजे व्हीपीएन चालू नव्हतं. मग `Settings` मध्ये `Network & internet` खाली `Private DNS` उघडलं. तिथे जाहिराती अडवणाऱ्या एका सेवेचं नाव भरलेलं निघालं. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने ते भरलं होतं आणि त्याला अडवायच्या पत्त्यांची लांबलचक यादी जोडली होती. गाण्यांच्या सेवेला लागणारे काही पत्ते त्याच यादीत अडकले होते. `Private DNS` पुन्हा `Automatic` वर ठेवलं, ॲप `Force stop` केलं, उघडलं, आणि मुख्य पान भरलं.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता सांगणारी व्यवस्था. तिने एका नावाला उत्तर द्यायचं नाकारलं की बाकी सगळं नेट उत्तम चालतं आणि ते एकच ॲप ऑफलाइन दिसतं. जाहिराती अडवणारी यादी ठेवायचीच असेल, तर गाण्यांची सेवा तिच्या अपवादात टाका. व्हीपीएन चालू असेल तर तेही आधी थोडा वेळ बंद करून बघा.

संगणकावर याच जागी दोन गोष्टी येतात. स्पॉटिफायच्या `Settings` मध्ये प्रॉक्सीचं, म्हणजे नेटसाठी मध्ये ठेवलेल्या सर्व्हरचं सेटिंग असतं. कार्यालयात कधीतरी तिथे काही भरलं असेल आणि आता तुम्ही दुसऱ्या नेटवर असाल, तर ॲप नसलेल्या प्रॉक्सीला हाका मारत बसतं. ते `No proxy` किंवा आपोआप ओळखण्याच्या पर्यायावर आणा. दुसरी गोष्ट फायरवॉल. विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी दिलेल्या ॲपची यादी असते, तिच्यात हे ॲप आहे का ते बघा.

फोनचं घड्याळही एकदा बघून घ्या. तारीख फार चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणी होत नाही. पण तेव्हा ब्राउझरही इशारे देऊ लागतो, त्यामुळे ते लपून राहत नाही.

एवढं सगळं ठीक असेल आणि ब्राउझरमध्ये सेवा उघडत असेल, तर ॲपच्या सेटिंगमधल्या `Storage` मध्ये जाऊन कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरता साठवलेला डेटा साफ करा. ॲपमधल्या या बटणाने डाउनलोड जात नाहीत. फोनच्या सेटिंगमधलं ‘सगळा डेटा साफ करा’ हे बटण मात्र वेगळं आहे, त्याने जातात. पुन्हा बसवणं अगदी शेवटी.

आता उलट बाजू: मोड मुद्दाम चालू करणं

ज्या स्विचने आत्तापर्यंत त्रास दिला तोच डेटा वाचवायला सगळ्यात खात्रीचा आहे. पुष्कळांना वाटतं की गाणी डाउनलोड केली म्हणजे डेटा जात नाही. तसं नाही. तुमची डाउनलोड केलेली यादी संपली की `Autoplay` चालू असल्यास ॲप तशाच धर्तीची पुढची गाणी लावत जातं, आणि ती नेटवरून येतात. `Smart Shuffle` चालू असेल तर यादी चालू असतानाच मध्ये मध्ये सुचवलेली गाणी घुसतात, आणि तीही डाउनलोड केलेली नसतात. शिवाय मुख्य पानावरची चित्रं आणि गाण्यामागे फिरणारे छोटे व्हिडिओ आहेतच. फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही. `Offline mode` चालू केला की ॲप नेटकडे बघणंच सोडतं आणि हे सगळं एकदम थांबतं.

`Data saver` नावाचा दुसरा पर्याय याच्या शेजारीच असतो, त्याच्याशी गल्लत करू नका. तो आवाजाचा दर्जा खाली आणतो आणि डेटा कमी वापरतो, पण वापरतो.

किती वाचतं ते मोजणं सोपं आहे. गाण्याचा दर्जा केबीपीएसमध्ये सांगतात. त्याला ८ ने भागलं की सेकंदाला किती केबी लागतात ते मिळतं, आणि ३६०० ने गुणून १००० ने भागलं की तासाचे एमबी. स्पॉटिफायवर `Normal` ९६, `High` १६० आणि `Very high` ३२० केबीपीएस आहे. म्हणजे `High` ला तासाला ७२ एमबी आणि `Very high` ला १४४ एमबी.

रोज दोन तास `Very high` वर ऐकणाऱ्याचे दिवसाला २८८ एमबी जातात, म्हणजे ३० दिवसांत साडेआठ जीबीहून थोडे जास्त. तोच माणूस चार-चार मिनिटांची १०० गाणी एकदा वायफायवर उतरवून घेतो, तर ४०० मिनिटांचं ते संगीत `Very high` ला सुमारे ९६० एमबी आणि `High` ला सुमारे ४८० एमबी जागा घेतं. मग महिनाभर कितीही वेळा ऐका, मोबाइल डेटा शून्य. इयरफोन साधे असतील आणि ऐकणं प्रवासातल्या गोंगाटात असेल, तर डाउनलोडसाठी `High` पुरेसा आहे असं माझं मत आहे. जागाही निम्मी लागते.

क्रमाने करायचं ते असं

आधी वायफायवर या आणि सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर डाउनलोड करण्याचा स्विच बंद आहे ना ते बघा. तो चालू राहिला आणि मध्येच वायफाय तुटलं, तर उरलेली गाणी मोबाइल डेटावर उतरतील आणि वाचवायला निघालेला डेटाच संपेल. डाउनलोडचा दर्जा आत्ताच ठरवा. फोनमध्ये निदान १ जीबी जागा मोकळी ठेवा.

मग यादी उघडून खाली बाण असलेल्या गोल खुणेवर टॅप करा. खूण पूर्ण हिरवी होईपर्यंत थांबा. बरीच फजिती होते ती इथे: डाउनलोड अर्धवट असताना माणूस निघतो आणि वाटेत निम्मी गाणी करडी दिसतात. मोठ्या यादीच्या डाउनलोडच्या वेळी ॲप समोर उघडं ठेवा. बॅटरी वाचवणारा मोड पार्श्वभूमीत ते थांबवू शकतो.

निघण्याआधी खात्री करून घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि यादीतलं पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं लावून बघा. तिन्ही वाजली की फ्लाइट मोड काढा आणि ॲपमधला `Offline mode` चालू करा. आता फोन आणि मेसेज नेहमीसारखे येत राहतील, फक्त गाण्यांच्या ॲपला नेट नसेल. नवीन गाणी शोधणं आणि इतरांनी यादीत टाकलेली नवी गाणी दिसणं, हे मोड बंद करेपर्यंत थांबेल.

गाणी डाउनलोड करायला स्पॉटिफायचं सशुल्क सदस्यत्व लागतं. विनामूल्य खात्यावर फक्त पॉडकास्ट उतरवता येतात. सदस्यत्वात एका उपकरणावर १०,००० गाणी आणि अशी ५ उपकरणं चालतात. सहाव्यावर डाउनलोड करायला गेलात तर सगळ्यात कमी वापरलेल्या उपकरणावरचे डाउनलोड पुसले जातात. जुना टॅब्लेट घरी पडून असेल आणि त्यावरची गाणी एक दिवस गायब दिसली, तर बहुधा हेच कारण.

तुमच्या ॲपमध्ये असा स्विच नसेल तर वरची फोनची युक्ती उलटी वापरा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्या ॲपचा मोबाइल डेटा बंद करा. वायफायवर ते ऑनलाइन राहील आणि बाहेर पडल्यावर आपोआप ऑफलाइन होईल. रोज स्विच दाबायची आठवण राहत नाही त्यांच्यासाठी मला हा मार्ग जास्त बरा वाटतो. फक्त तो केल्याची नोंद कुठेतरी ठेवा, नाहीतर काही आठवड्यांनी पायरी १ पासून शोध सुरू होईल.

खरंच डेटा वाचतोय का, हे फोनच सांगतो. अँड्रॉइडवर ॲपच्या माहितीच्या पानावर मोबाइल डेटाचा आकडा असतो. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानावर प्रत्येक ॲपच्या नावाखाली तो दिसतो, पण तिथली मोजणी आपल्यालाच शून्यावर आणावी लागते. मोड चालू करण्याआधी आकडा टिपून ठेवा आणि दिवसभर ऐकून झाल्यावर पुन्हा बघा. एखाददुसऱ्या एमबीचा फरक सोडून द्या, पण शंभरच्या घरात वाढला असेल तर मोड कधीतरी बंद झालाय किंवा डाउनलोड मोबाइल डेटावर झालंय.

आणि एक मुदत पाळावी लागते. ३० दिवसांत निदान एकदा ॲप ऑनलाइन यायला हवं, नाहीतर सदस्यत्व चालू आहे की नाही हे सेवेला कळत नाही आणि डाउनलोड काढून घेतले जातात. आठवड्यातून एकदा वायफायवर असताना `Offline mode` बंद करा, मुख्य पान पूर्ण भरू द्या, यादीत नवीन आलेली गाणी उतरू द्या, आणि खूण पुन्हा हिरवी झाल्यावर मोड चालू करा.